पहिली ओळ

मुलांनो, परवा फोनवर माझा आवाज तुम्हाला चिडका वाटला. चिडलेलीच होते, अजूनही आहे.

आपल्या गल्लीतली ब्लाऊज शिवणारी बाई तुम्हाला आठवत असेल. तिला लिहायला जड जातं, म्हणून ती मापं फोनमध्ये बोलून ठेवते. "दुधनीची थोरली काकू, छाती अडतीस, बाही नऊ, गळा मागनं खोल." दुधनीच्या एका लग्नघराचे अकरा ब्लाऊज तिच्याकडे होते. बायका खरेदीला सोलापुरात आल्या तेव्हा मापं देऊन गेल्या. लग्नाला आठ दिवस राहिले होते आणि चारच ब्लाऊज कापून झाले होते. त्या दुपारी तिचा फोन कंपनीच्या चिन्हावरच अडकला. तो पुढेही जाईना आणि बंदही होईना.

"काकू, उद्या दुकानात दावते की," ती म्हणाली.

"उद्या कशाला? माझ्या वहीत आहे," मी म्हणाले.

गेल्या वर्षी माझा फोन असाच अडकला होता. दुरुस्तीवाल्याने काय केलं ते मी नीट लिहून ठेवलं होतं: पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकदम धरणे, यादी येईल, पहिली ओळ रीस्टार्ट, पॉवर दाबणे. वहीतली अक्षरं सुरेख आहेत. आता ती बघवत नाहीत.

यादी आली. सगळी चिनी.

"अगं बया! हा तर मराठीत हाय म्हणून घेतलेला," ती म्हणाली.

मराठीतच होता. पण ही यादी फोनच्या नेहमीच्या व्यवस्थेच्या बाहेर, वेगळी असते. आपण आत निवडलेली भाषा तिला ठाऊक नसते. जुना घेतलेला फोन, मुळात चीनमध्ये विकायला केलेला. विकणाऱ्याने हे सांगितलं नाही, त्याचाही मला राग आहे.

"तुमाला वाचता येतंय का ह्ये?"

"वाचायचं कशाला? पहिली ओळ."

मी पॉवर दाबलं. पुन्हा दोन ओळी आल्या, त्याही चिनी. माझ्या फोनने रीस्टार्ट करताना काहीच विचारलं नव्हतं. हा विचारतोय, तेव्हा काहीतरी वेगळं आहे, एवढं माझ्या डोक्यात यायला हवं होतं. तिथेच हात आवरून फोन दुकानात नेला असता तरी चाललं असतं. मी म्हणाले, "फोन खात्री करून घेतोय," आणि परत वरचीच ओळ दाबली.

फोन सुरू झाला. तिचा चेहरा उजळला आणि मीही शाबासकी घ्यायला सरसावले. मग नव्या फोनसारखं भाषा निवडा, वायफाय निवडा असं येऊ लागलं.

दुसऱ्या दिवशी मोबाईलच्या दुकानातल्या माणसाने तीच यादी पुन्हा उघडली आणि आपल्या फोनचा कॅमेरा तिच्यावर धरला. चिनी अक्षरांच्या जागी मराठी उमटलं. पहिली ओळ: सर्व डेटा पुसा. रीस्टार्ट दुसरी होती.

"आजी, असा कॅमेरा धरायला तुमचा फोन न्हवता का जवळ?"

होता. माझ्या मांडीवर पडलेला होता.

"पुसलेलं परत काढता येईल?" मी विचारलं.

"न्हाई. आतलं सगळं कुलपात असतंय. पुसताना किल्लीच जाती. मेमरी कार्ड घातलं न्हवतं, दुसरीकडं कुटं साठवलं न्हवतं. संपलं."

सगळं पुसणारी ओळ आणि नुसती सुरू करणारी ओळ एकाखाली एक, एकाच आकारात ठेवणाऱ्यांना मी मनातल्या मनात पुष्कळ बोलले. पण बटण त्यांनी दाबलं नव्हतं. वर्गात अंदाजाने उत्तर ठोकणाऱ्या पोरींना मी बाकावर उभं करायची.

तिने दुकानाच्या पायरीवरूनच, पाठ असलेल्या नंबरावर, दुधनीला फोन लावला. पलीकडून नवरीच्या आईचा आवाज मलाही ऐकू आला. "आमी हितं लग्नघर सोडून परत मापं द्यायला येऊ व्हय? कापड ठेवा तसंच, माणूस पाठवते."

"मी येते की तिकडं. आजच येते."

"नको. आता भरवसा न्हाई."

मी म्हणाले, "मी बोलते त्यांच्याशी. चूक माझी आहे, सांगते." फोन घ्यायला मी हात पुढे केला.

तिने फोन छातीशी धरला. "र्‍हाऊ द्या काकू. तुमी लई केलं."

दुपारी माणूस येऊन न कापलेली सात कापडं घेऊन गेला. उरलेले चार तिने शिवून दिले. त्यातला एक माझ्यासमोर हुक लावून संपवला आणि लगेच दुसरा मशीनवर घेतला.

काल मी माझं पोलकं शिवायला टाकायला गेले. माप तिने घेतलं, नेहमीसारखंच, टेप गार लागते म्हणून आधी हातात चोळून. मग फोन उचलला, मी बसले होते त्या खुर्चीपासून लांब, मशीनच्या पलीकडे गेली आणि पाठ करून माप त्यात बोलली.