ठमीची नोंद

ऑफिसात त्यांना कोठीबाई म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. प्राण्यांचा खाऊ घरपोच पाठवणाऱ्या त्या कंपनीत डेटाबेस सांभाळायचं काम त्यांचं. रोज रात्री सगळ्या नोंदींची एक प्रत काढायची, सीलबंद करायची आणि दुसऱ्या इमारतीत पाठवायची. कुणी चुकून काही उडवलं की तोंड पाडून यांच्याच टेबलापाशी यायचं. मग बाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "रडू नकोस, आहे माझ्याकडे." हे वाक्य म्हणायला मिळालं की त्यांचा दिवस सार्थकी लागे.

घरीही तेच. दुरुस्त न होणारा पंखा, झाकण हरवलेले डबे, लेकीच्या बालवाडीतली चित्रं, सगळं माळ्यावर. नवरा म्हणे, "अगं, एखादी तरी वस्तू टाक!" यांचं उत्तर ठरलेलं: "असू द्या, लागेल कधीतरी." नवऱ्याने वाद घालणं कधीच सोडलं होतं. शहाणा माणूस.

अशा बाईच्या पुढ्यात एके दिवशी कंपनीची वकीलबाई येऊन बसली आणि म्हणाली, "एका गिऱ्हाइकाला पुसायचंय. सगळीकडून."

"पुसायचंय?" कोठीबाईंनी असं विचारलं, जणू कुणी घरातलं पोर विकायला काढलंय.

वकीलबाईने मेल दाखवला. एका म्हाताऱ्या काकूंचा होता. त्यांची मांजर, ठमी, गेली होती. पण कंपनीचा मेसेज काही थांबत नव्हता: 'ठमी वाट बघतेय! खाऊ संपत आला ना?' काकूंनी मेसेज बंद करायचं बटण दाबलं, तर या नाहीतर त्या नावाने दुसराच सुरू. खरी अडचण पुढे लिहिली होती. 'आमच्या यांना आता काही लक्षात राहत नाही. फोन वाजला की तेच वाचतात आणि ठमी कुठेय विचारतात. ती गेली असं मी सांगते आणि ते नव्याने रडतात. दर वेळी नव्याने. तुम्ही आम्हाला विसरून जा. कायद्याने विसरावं लागतं म्हणे.'

कोठीबाईंनी पदर खोचला आणि त्या कामाला लागल्या.

अशी मागणी कंपनीकडे पहिलीच. चालू डेटाबेसमधून पुसणं त्यातल्या त्यात सोपं. आधी पत्ते, ऑर्डरी, मेसेजचं वेळापत्रक काढायचं आणि मूळ नोंद सगळ्यात शेवटी. पोरं पदराला लटकलेली असताना आईला उचलायला गेलं तर डेटाबेस सरळ हात धरतो. बिलं तेवढी कायद्याने ठेवावी लागतात. ती हिशेबखात्याच्या कुलपात गेली आणि काकूंना तसं स्पष्ट कळवायचं ठरलं.

मग विश्लेषणवाल्या पोरांकडे मोर्चा. त्यांच्याकडे सगळ्या गिऱ्हाइकांची वेगळी प्रत. रोज तिच्यात नवी भर पडते, पण इकडे पुसलेलं तिकडे आपोआप पुसलं जात नाही. "तिथून काढ," बाई त्यांच्यातल्या एकाला म्हणाल्या, "आणि तुझ्या लॅपटॉपवर काय आहे?"

"काही नाही, बाई."

"खरं बोल."

निघालीच एक फाइल. 'मांजरवाले नमुना, नवीन, शेवटची, खरंच शेवटची' असं तिचं नाव. तीही गेली.

राहिल्या त्या रात्रीच्या सीलबंद प्रती. त्यातून एकट्या काकूंना उपटून काढणं शक्य नव्हतं. प्रत कुणालाच बदलता येऊ नये म्हणून तर ती सीलबंद. तीन महिने जुनी झाली की प्रत आपोआप नष्ट होते, तोवर ती चाळायची नाही, वापरायची नाही. आणि कधी जुनी प्रत परत उभी करावी लागलीच, तर गिऱ्हाइकांना दार उघडण्याआधी 'पुसायची यादी' चालवून यादीतल्यांना पुन्हा पुसायचं. यादीत नाव नाही, गाव नाही, नुसता ग्राहक क्रमांक.

"म्हणजे विसरायचं कुणाला, ते लक्षात ठेवायचं," वकीलबाई हसली.

"संसारातही तेच करतो की आपण," कोठीबाई म्हणाल्या. त्यांनी काम हाती घेताना, आठवड्यापूर्वी, करून ठेवलेल्या कोऱ्या यादीत आज काकूंचा क्रमांक घातला.

त्याच दुपारी ऑफरवाला तोंड पाडून आला. त्याने पहाटे सवलत लावली होती आणि ती दुकानातल्या प्रत्येक वस्तूला शंभर टक्के लागली होती. गिऱ्हाइकं मात्र सावध. एका गृहस्थाने तर पोत्यांवर पोती मागवली होती, आणि त्याच्याकडे पाळलेला होता एक ससा!

"रडू नकोस," कोठीबाई म्हणाल्या, "आहे माझ्याकडे."

त्यांनी आदल्या रात्रीची प्रत उभी केली आणि दार उघडण्याआधी, ठरल्याप्रमाणे, यादीही चालवली. उत्तर आलं: 'पुसण्यासारखं काही नाही.' बाई खूश. चोख काम! मग त्या निवांत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मदतकेंद्रातली मुलगी धावत आली. "बाई, त्या मांजरवाल्या काकू फोनवर आहेत. त्यांना पुन्हा मेसेज गेलाय."

"कसा जाईल? काल तर यादी..." आणि बाईंचं वाक्य तिथेच अडलं. यादी त्याच डेटाबेसमध्ये होती! तो आदल्या रात्रीत मागे गेला, तशी यादीही गेली, आणि त्या रात्री ती कोरीच होती. वाहून जाणाऱ्या घराची किल्ली घरातच टांगलेली, आणि टांगणारी कोण, तर अख्ख्या ऑफिसची कोठीबाई. त्यांना लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मेसेजची रांग आधी थांबवली आणि मग फोन हातात घेतला.

"काकू, नोंदी मी सांभाळते. चूक माझीच आहे. काल पुसलं होतं, ते माझ्याच हाताने परत आलं. आत्ता तुमच्यादेखत पुसते. यादीही आता बाहेर वेगळी ठेवते, आणि एक जुनी प्रत बाजूला उभी करून खात्री केल्याशिवाय जागची उठत नाही. सीलबंद प्रतींत मात्र तुम्ही अजून तीन महिने असाल. त्या कुणी उघडत नाही, पण खोटं कशाला सांगू?"

मग काकू म्हणाल्या, "आज यांनी वाचलं, 'ठमी वाट बघतेय', आणि वाटीत दूध ओतून बसलेत. इतके खूश आहेत! आज नाही सांगवलं मला. गच्चीवर गेलीय म्हटलं."

कोठीबाईंनी काकूंची नोंद समोर उघडली.

"पण ताई, पुसाच. रोज रोज तिला गच्चीवर पाठवायला मला नाही जमायचं."

"पुसते, काकू."

"थांबा. काय काय लिहिलंय तिचं?"

नोंद समोर उघडीच होती. बाईंनी वाचलं, "नाव ठमी. रंग पिवळा. खाऊ माशाचा. वजन चार किलो."

"चार?" काकू एकदम हसल्याच. "छे हो! सहाच्या वर होती बया. डॉक्टर ओरडतील म्हणून यांनीच कमी लिहिलं. मला म्हणाले, तू गप्प बस." हसता हसता त्यांचा आवाज भिजला. "चांगली सहा किलोची होती."

"सहा," कोठीबाई म्हणाल्या. त्यांच्या हाताने सवयीने आकडा दुरुस्तही केला.

"आता पुसा."

बाईंनी ओळीने सगळं पुसलं. मूळ नोंद शेवटी गेली.

"गेलं, काकू."

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "ठेवते हं. आतून हाक मारतायत, ठमी आली का विचारतायत."