मधलं यमक

जवळ बस गं, आलीस की उभ्या उभ्या निघतीस! ऐक. दुष्काळात केजजवळ तळ्यातला गाळ काढायला मजूर सोसायटीनं आमाला रांगेत लावलं होतं. रांगेत एक बाई गायची. तिचं नाव मला ठावं न्हाई.

"पाटी खुपली, चुंबळ लपली, सासू झोपली!"

दर 'पली'ला एक पाटी पुढं जायची. हसता हसता हात पळायचे.

शेजारची पोटुशी धापा टाकाया लागली, तशी गाणारीनं मधली यमकं काढून टाकली: "पाटी जड, चुंबळ मऊ, सासू झोपली." आता पाटी ओळीच्या शेवटालाच हलायची.

मुकादम खेकसला, "ए, पहिलंच म्हण!"

"यमक मधी घातलं की दम घ्यायला जागा उरत न्हाई, मुकादम."

दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. मुकादमानं तिचंच पहिलं गाणं आमच्याकडून म्हणवून घेतलं. पोटुशी 'लपली'वरच खाली बसली.

लवकर ये पुन्हा. दम घेऊन बसाया ये.