पोटागणिक अंदाजपत्रक

बदलीचा हुकूम नोव्हेंबरच्या सुरुवातीला आला. आमचे यजमान वर्ध्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांना पंधरा तारखेला श्यामजीपंताच्या तळेगावात, नव्या उपकचेरीत हजर व्हायचं होतं. एरवी आम्ही बिऱ्हाड उचलून सोबत गेलो असतो. पण माझी नणंद आमच्याकडे राहून मॅट्रिकला बसणार होती. परीक्षा मार्चमध्ये. तळेगावात मुलींसाठी हायस्कूल नव्हतं. म्हणजे चार-पाच महिने दोन घरं चालवायची, किंवा पोरीचं नाव शाळेतून काढायचं.

हे ऐकून मामंजी वडनेरहून आले. घरचे सुखवस्तू शेतकरी, पण मुलीच्या शिक्षणाचा विषय निघाला की त्यांना एकदम जगातली सगळी महागाई आठवायची.

"दोन चुली चालत नसतात, सूनबाई," ते म्हणाले. "चालवायच्या तर चालवा. पण माह्याकडून एक दाणा मागितला, तर पोरीले त्याच दिवशी घेऊन जाईन. स्थळ पाहून ठेवलंच हाय."

"नाही मागणार," मी म्हणाले.

"शाळेची फी, परीक्षेची फी, समदं तुमच्यातूनच."

"समदं आमच्यातूनच."

नणंद दाराआड उभी होती. तिच्या हातातली भूमितीची वही मला दिसत होती.

माझं माहेर पत्रकांचं. वडील चळवळीतले, घरात धान्य कमी आणि छापील कागद जास्त. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठींवर. त्यामुळे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर चार कलमांत मांडता येतं, अशी माझी खात्री होती. आमच्या नव्या संसाराचं अंदाजपत्रकही मी एका जुन्या पत्रकाच्या पाठीवरच लिहिलं. तत्त्व सोपं: प्रत्येकाला त्याच्या पोटाप्रमाणे. महागाईभत्ता धरून पगार शहाण्णव. दोन्हीकडची भाडी आणि शाळेची फी आधी काढून ठेवली. उरलेल्याचे तीन भाग. तीन पोटं, दोन वर्ध्यात, एक तळेगावात. एक भाग त्यांचा, दोन आमचे.

यजमानांनी कागद वाचला. "न् कंदील?"

"कंदिलाचं काय?"

"कंदील पोट मोजून नाई जळत ना. माणूस एक असो का तीन, तेल तेवढंच."

"वाचन कमी करा," मी म्हणाले. ते हसले. मला त्यांच्या हसण्याचा राग आला. हिशेबात तत्त्व असलं की तेलाचा प्रश्न आपोआप सुटतो, असं मी त्या वयात खरोखर मानत होते.

सल्ला द्यायला माणसं आलीच. घरमालकीण काकूंनी सुचवलं, की यजमानांना शनिवारी-रविवारी येऊ देऊ नये, मोटारभाडं वाचतं. यांचा एक चुलतभाऊ, दुसऱ्या खात्यातला कारकून, आमचा चहा पीत पीत म्हणाला, "अरे, बदलीची उचल घे की! एका महिन्याचा मूळ पगार आगाऊ देते सरकार. व्याज नाई, काई नाई. मंग तीन महिन्यांत तीन हप्त्यांनी कापते. मी घेतली होती, हिच्यासाठी नागपूरहून शालू आणला." आणि त्याने अशा थाटात मान डोलावली, की सरकारने तो शालू खास त्याच्या बायकोसाठी विणवून घेतला असावा. शालूनंतरचे तीन महिने ही शालूवाली बाई आमच्याकडे साखर मागायला येत होती. ते त्याच्या लक्षात नव्हतं. माझ्या होतं.

यजमानांचा मूळ पगार साठ. साठ रुपये आत्ता मिळतील, मग वीस-वीस कापले जातील. नवीन जागी हंडा-बादली, खाट, कंदील घ्यायलाच तर ती उचल असते, असं ते दोनदा म्हणाले.

"उचल म्हणजे कर्ज," मी सांगितलं. "आणि कर्ज म्हणजे गुलामी."

"कोण म्हणते?"

मी पत्रकाचं नाव सांगितलं.  पंधरा तारखेला एक वळकटी, एक पितळी तांब्या आणि माझं अंदाजपत्रक घेऊन ते मोटारीत बसले.

डिसेंबरच्या पहिल्या तारखेला पगार आला नाही. चार तारखेला पोस्टकार्ड आलं. वर्ध्याच्या कचेरीकडून शेवटच्या पगाराचा दाखला पोचलेला नाही, आणि तो पोचल्याशिवाय नव्या ठिकाणी पगाराचं बिल मंजूर होत नाही. माणूस शेवटचा पगार किती घेत होता, कुठपर्यंतचा पगार त्याला मिळाला, त्याच्याकडून काय कापायचं आहे, हे सगळं त्या कागदावर असतं. त्याशिवाय खजिन्याच्या दृष्टीने तो माणूस जन्मलेलाच नसतो.

माझ्याजवळ सहा रुपये होते. मॅट्रिकच्या फॉर्मची फी भरायची शेवटची तारीख पुढच्या सोमवारी होती. दूध बंद केलं. ज्वारी होती, अंबाडीची भाजी स्वस्त होती. दोन पोटांचे दोन भाग मी कागदावर पुन्हा पुन्हा मांडून पाहिले. ते बरोबर होते. फक्त पैसे नव्हते.

घरमालकीण काकूंनी वडनेरच्या कोणाजवळ तरी पगार न आल्याचा निरोप धाडला होता. "पोरीच्या बापाले कळायले नको काय?" त्या म्हणाल्या. स्वतःच्या शहाणपणावर इतकी खूश बाई मी दुसरी पाहिली नाही. उलट निरोप आला: मामंजी रविवारी येतील, पोरीचं सामान बांधून ठेवा.

मंगळवारी मी नणंदेला घेऊन यांच्या जुन्या कचेरीत गेले. तिथले हेडक्लार्क, बडे बाबू, पानाचा तोबरा भरून बसले होते. म्हणाले, "दाखला तयार आहे. सही व्हायची आहे."

"केव्हा होईल?"

"होईल."

आम्ही बाकावर बसलो. नणंदेने भूमिती काढली. अकरापासून पाचपर्यंत बडे बाबूंनी सात विडे खाल्ले, दोनदा चहा घेतला आणि कोणाच्या तरी मुलीच्या पत्रिकेवर तासभर चर्चा केली. या राज्याचा कारभार कोण चालवतो हे त्या दिवशी मला कळलं: टेकू लावलेली एक खुर्ची आणि तिच्यावरची उशी. दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही पुन्हा बाकावर. दुपारी बारा वाजता बडे बाबूंना आमची लाज वाटली, की पोरीच्या तोंडून चाललेल्या प्रमेयाचा कंटाळा आला, देव जाणे. त्यांनी कागद काढला.

"बाई, हा माझ्यामुळे नाही राहिला," ते म्हणाले. "हे पाहा. उचलीचा रकाना. किती घेतली, किती कापायची, ते इथे भरावं लागतं. तुमच्या यजमानांना मी विचारलं, उचल घेता का? म्हणाले, उद्या सांगतो. मग ते गेलेच. आता बदली झाली आणि उचल घेतली नाही, असा माणूस माझ्या नोकरीत मी पाहिला नाही. मला वाटलं, अर्ज येईल."

 यजमानांना 'बायको नको म्हणते' हे सांगायची लाज वाटली होती. मला त्यांच्या भित्रेपणाची कीव आली. त्याच वेळी मनात एक नकोसं कलम उभं राहिलं: रकाना रिकामा राहिला तो माझ्या तत्त्वामुळे.

"मग 'नाही' लिहा," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं, साहेबांची सही आणली, आणि पाकीट सीलबंद करून माझ्या हातात देताना म्हणाले, "इकडे घेतली नाही असं यात आहे. म्हणजे तिकडे अजून घेता येते. हजर झाल्याबरोबर मागायची असते."

बाहेर आल्यावर नणंद म्हणाली, "वहिनी, व्याज नाई त्याले. मंग कायचं कर्ज?"

"तू भूमिती कर."

"भूमितीच करून राह्यली. साठातले वीस-वीस. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. माही परीक्षा अन् हप्ते संगंच सुटते."

सहा रुपयांतलं भाडं काढून गुरुवारी सकाळी मी तळेगावची मोटार धरली. पोस्टाने पाकीट वेळेत पोचेल यावर माझा विश्वास नव्हता, आणि बडे बाबूंवर तर नव्हताच.

यजमानांचं घर म्हणजे एक खोली. दारात नवी बादली, नवी केरसुणी. आत खाट, कंदील, घासलेटची बाटली, माठ, माठाला झाकण. सगळं उधारीवर. भिंतीला माझं अंदाजपत्रक खिळ्याने टांगलेलं होतं, देवासारखं. समोरच्या खानावळीचं बिल बावीस रुपये. माझ्या कागदाप्रमाणे त्यांच्या वाट्याला तेवढंही येत नव्हतं, आणि पैसे थकले म्हणून मालकाने दोन दिवसांपासून वाढणं बंद केलं होतं. ते दुपारी चुरमुरे खात होते.

"एक तृतीयांश बादली कुठे मिळते का, विचारलं मी," ते म्हणाले. "अख्खीच देते दुकानदार."

मी खाटेवर बसून खिळ्यावरचा कागद काढला आणि पोटागणिकचे तिन्ही भाग खोडले. वरती लिहिलं: पोटाने न बदलणारं. भाडं दोन. कंदील दोन. बादली, माठ, केरसुणी, एकदाच. मोटारभाडं महिन्यातून एकदा. मग उरलेलं पोटांना. जानेवारी ते मार्च पगारातून वीस वजा धरून मांडलं. खानावळ परवडत नव्हती; त्यांनी सकाळी खिचडी आणि संध्याकाळी भाकरी स्वतः करायची असं ठरलं. चूल लिहायची राहिली होती, ती लिहिली.

"आता अर्ज लिहा," मी म्हणाले.

"कशाचा?"

"माहीत आहे तुम्हाला."

ते कागद पुढे ओढून म्हणाले, "काय लिहू? गुलामीसाठी विनंती?"

इतक्या वाईट विनोदाला इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच हसले.

तळेगावच्या साहेबांनी त्याच दिवशी मंजुरी दिली, तालुक्याला आर्वीच्या खजिन्यातून शनिवारी उचलीचे पैसे मिळाले, आणि रविवारी दुपारी यजमान वर्ध्यात उतरले तेव्हा मामंजी आमच्या ओसरीवर बसून होते. शेजारी नणंदेची ट्रंक. मी बांधली नव्हती. काकूंनी हौसेने बांधून दिली होती.

यजमानांनी फीचे पैसे बहिणीच्या हातावर ठेवले.

"कुठून आणले?" मामंजींनी विचारलं.

यजमान माझ्याकडे पाहू लागले. पुन्हा तोच भित्रेपणा. मीच म्हणाले, "सरकारकडून उचल घेतली."

"म्हंजे कर्जच झालं ना, सूनबाई?"

माझंच वाक्य माझ्या तोंडावर आलं. ते त्यांना शोभत नव्हतं, मलाही कधी शोभलं नव्हतं.

"कर्ज असेल," मी म्हणाले. "पण दाणा तुमच्याकडे मागितला नाही. बोली तेवढीच होती."

मामंजींनी सुपारी कातरली. मग ट्रंकेवरचा पाय खाली घेऊन म्हणाले, "चहा तरी करा." चहाला दूध नव्हतं. तसाच प्यायले.

सोमवारी फी भरली. मार्चमध्ये शेवटचा हप्ता कापला गेला आणि नणंद परीक्षेला बसली. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मामंजी तिला न्यायला आले. मोटारीत शेजारी बसलेल्या गृहस्थाला ते सांगत होते, "आमची पोरगी मॅट्रिकले बसली. दोन-दोन घरं चालवून शिकवलं म्या तिले."

नणंदेने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मी तिला हाताने खूण केली: बोलू दे.