लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची पट्टी

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी बुऱ्हाणपूरला एका छोट्या कॉफीच्या दुकानात काम करायचो. माझ्या खोलीचं भाडं त्या कामातून निघायचं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं, आणि आमच्या गावाहून, देडतलाईहून, रोज ये-जा करायची म्हटलं तर सकाळचे तास बुडायचे. म्हणून ते काम माझ्यासाठी किती महत्त्वाचं होतं हे मला वेगळं सांगावं लागत नाही. तरी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

दुकान चालवायच्या त्या बाई लग्नानंतर काही वर्षं बंगळुरूला राहून आल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. जागा त्यांच्या दिराची होती आणि पैसाही बराचसा त्यांचाच. त्या दिरांना मी दादा म्हणायचो. केळीच्या व्यापारातला माणूस. दुकानात यायचे ते दोन्ही हात कमरेवर ठेवून.

आमच्याकडे कॉफी तीन तऱ्हेची होती. मशीनची एस्प्रेसो, पितळी फिल्टरची, दाट अर्क उतरवून करायची डिकॉक्शनवाली, आणि काचेच्या भांड्यात भिजवून जाळीचा दांडा खाली दाबायची ती प्रेसची. मशीन वहिनींकडे, उरलेल्या दोन माझ्याकडे. बिया दळायचं ग्राइंडर मात्र एकच. त्यात दोन दातेरी चकत्या समोरासमोर फिरायच्या. बाहेरची आकड्यांची कडी फिरवली की चकत्यांमधलं अंतर कमी-जास्त व्हायचं. लहान आकडा म्हणजे बारीक दळण, मोठा म्हणजे जाड. मशीनला जवळजवळ पिठासारखं लागतं, फिल्टरला त्याहून थोडं भरड, प्रेसला रव्याहून जाड.

सुरुवातीला फार गोंधळ व्हायचा. प्रेसचं दळून झालं आणि लगेच मशीनची ऑर्डर आली, की आत अडकलेली जाड भुकटी आधी बाहेर यायची. म्हणून आकडा बदलला की चिमूटभर बिया दळून टाकून द्यायच्या, ही वहिनींची शिस्त. बारीककडे जाताना कडी मोटर चालू असतानाच फिरवायची, नाहीतर मध्ये अडकलेले दाणे चकत्या घट्ट धरून ठेवतात. हेही त्यांनीच शिकवलं. मी शक्यतो प्रेसच्या ऑर्डरी एकत्र करून दळायचो. गिऱ्हाईक थोडं थांबायचं, पण बिया वाया जात नसत.

आकडे मात्र एका जागी राहायचे नाहीत. काही महिन्यांनी मशीनची कॉफी भराभर खाली यायला लागली, पातळ आणि आंबट. वहिनी म्हणाल्या, चकत्यांची धार जातेय, आता त्याच आकड्यावर दळण तसं पडणार नाही, बारीक करावं लागेल. आमच्या गावच्या गिरणीत दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावून पुन्हा खरखरीत करतात. मी विचारलं, यांना नाही का लावता येत? त्या हसल्या. या चकत्या बदलायच्याच असतात, म्हणाल्या, आणि सध्या बदलायच्या नाहीत.

मग मी ती पट्टी केली. बी.एस्सी.ला गणित होतं, त्यामुळे थोडा उत्साहही होता. भिंतीवर आकड्यांचा उभा कागद चिकटवला. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची लांब पट्टी कापून तिच्यावर तीन बाण काढले: मशीन, फिल्टर, प्रेस. पट्टी दोन चिमट्यांत बसवली, म्हणजे वर-खाली सरकेल. रोज सकाळी मशीनची पहिली कॉफी घड्याळ लावून काढायची. लवकर आली तर पट्टी एक घर बारीककडे. मशीनचा बाण सरकला की बाकीचे दोन आपोआप सरकणार, तिघांमधलं अंतर कायम. वहिनींनी पट्टीकडे पाहून "वा" म्हटलं होतं. तो शब्द मी बरेच दिवस बरोबर घेऊन फिरलो.

पट्टी हळूहळू खाली, बारीक आकड्यांकडे जात राहिली. मशीनची कॉफी उत्तम यायची. पण फिल्टर तुंबू लागला. डिकॉक्शन थेंबथेंब उतरायचं, गिऱ्हाईक कंटाळून चहाला जायचं. आणि प्रेसच्या कपाच्या तळाशी गाळ दिसू लागला.

प्रेसचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त मास्तर. जैनाबादहून पूल ओलांडून दर रविवारी यायचे, सोबत दोन मित्र. एका रविवारी त्यांनी कप तिरका करून मला दाखवला.

"काय रे, तापीला पूर आलाय का?"

मित्र हसले. दादा नेमके तिथेच होते. ते हसले नाहीत.

"वहिनी, फक्त मशीन ठेवा ना. चक्की एक, तर कॉफी पण एक. बाकीचा झमेला बंद."

वहिनी म्हणाल्या, पुढच्या रविवारपर्यंत थांबा भाऊजी. दादा म्हणाले ठीक, पुढच्या रविवारी मीच पिऊन बघतो. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. पण फिल्टर आणि प्रेस गेले की मशीनला एकट्या वहिनी पुरे होत्या, हे सगळ्यांनाच कळत होतं.

आठवडाभर दुपारी गर्दी नसताना मी दळत बसलो. खरं सांगायचं तर आधी वाटलं, बियाच खराब आल्यात. पट्टीवर शंका घ्यायला मन धजत नव्हतं. प्रेसचं दळण पांढऱ्या कागदावर पसरून पाहिलं. जाड कण होते तसेच होते, पण त्यांच्यात धुळीसारखी भुकटी खूप होती. धार गेलेल्या चकत्या दाणा कापत नव्हत्या, चुरडत होत्या. भुकटी आधीच जास्त, आणि माझी पट्टी प्रेसलाही मशीनबरोबर बारीककडे ओढत नेत होती. मी वहिनींना कागद दाखवला. त्यांनी भुकटी बोटानं चोळून पाहिली.

"मशीनला बारीक लागतंय म्हणून प्रेसनं का बारीक व्हायचं?" त्या हळूच म्हणाल्या. "त्याचं त्याला ठरवू दे."

मी प्रेस पहिल्या दिवशीच्या आकड्यावर नेऊन पाहिलं. गाळ कमी झाला. आणखी दोन घरं जाड केलं, भिजायला थोडा जास्त वेळ दिला, तेव्हा कप नितळ आला. फिल्टरला पहिल्या आकड्याहून जरासंच बारीक लागत होतं, मशीनच्या निम्म्यानंही नाही. मग वहिनींकडून कात्री मागितली. पट्टी भिंतीवरून काढली. तिचे तीन तुकडे केले आणि प्रत्येकाला वेगळा चिमटा लावला.

रविवारी मास्तर आले, दादाही आले. मी दोघांना प्रेसची कॉफी दिली आणि भांडी विसळायला मागे गेलो, म्हणजे तोंडाकडे बघावं लागू नये. पाण्याचा आवाज होता, तरी मास्तरांचं ऐकू आलं.

"उतरला बुवा पूर."

दादांनी कप संपवला, तळाशी पाहिलं, मग भिंतीवरच्या तीन तुकड्यांकडे पाहिलं. "हे काय, लग्नपत्रिका फाडली?" वहिनींनी समजावून सांगितलं. किती समजलं कोण जाणे. जाताना म्हणाले, "मग राहू द्या दोन्ही. पण फिल्टरचा एक मला दे रे आता."

मी तिथे पदवी होईपर्यंत राहिलो.

नंतर नोकरीनिमित्त मी दूर आलो. मध्यंतरी वहिनींनी मोबाईलवर एक फोटो पाठवला. ग्राइंडरला नव्या चकत्या बसवल्या होत्या. जुन्या बारीक आकड्यावर मशीनमधून थेंब पडेना, म्हणून तिन्ही तुकडे त्यांनी परत सुरुवातीच्या जागी नेले होते. आता चकत्या रुळेपर्यंत काही दिवस आकडे रोज बदलत राहतील, मग स्थिरावतील, असं त्यांनी खाली लिहिलं होतं. फोटोत पुठ्ठ्याचे तुकडे पुन्हा एकाखाली एक आले होते, कडेला कडा लागून, आणि लग्नपत्रिकेची सोनेरी वेल तिन्हींवरून सलग खाली गेली होती. कापलं होतं ते जवळून पाहिल्याशिवाय दिसत नव्हतं.