बाबांची विहारातली बैठक

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या वाटूरकडच्या गावात विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि वाचणारे कायम माझे बाबा. फरशीवर घट्ट मांडी, पुढे चौरंगावर ग्रंथ. वाचताना मांडी बदलणंसुद्धा त्यांना अवमानासारखं वाटे.

बाबांना साखरेचा आजार; त्या वर्षी मी त्याच्या हात धुऊन मागे लागले होते. भात बंद, गोड बंद, भाकरी अर्धी. बाबा पार वाळले. त्यांची पँट कमरेवर चुण्या पाडून बसायला लागली, तर मी ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचे.

वाचन सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत त्यांचं उजवं पाऊल चालताना फटफट वाजू लागलं. चप्पल मागे राहायची, त्यांना पत्ताही नसायचा. मी डाफरले, "पाय उचलून टाका ना बाबा, घासत काय चालता!" तेव्हापासून ते गुडघा जास्तच उचलून चालायला लागले. मग एकदा विहाराच्या पायरीला पाऊल अडून ते तोंडावर पडले. लकवाच मारला, असं समजून मी त्यांना जालन्याला नेलं.

डॉक्टर म्हणाले, "पाऊल खाली दाबा." दाबलं. "आत वळवा." वळलं. "आता वर उचला." ते लोंबतच राहिलं. नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग बधिर होता. गुडघ्याखाली, बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर त्यांनी टिचकी मारली, तशी बाबांना पावलापर्यंत झिणझिणी गेली.

"लकवा नाही. पाऊल उचलणारी नस इथं हाडावरून जाते, मांडी घातली की दबते. वजन उतरलंय का? इथली चरबी गेली की नसेला आधार राहत नाही. साखर असली तर ती आणखी नाजूक."

मी मान खाली घातली.

"इतके दिवस सांगितलं का नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबा हसले. "हिला कळलं असतं तर साखरेनंच झालं म्हून राह्यलेली अर्धी भाकर बी गेली असती."

डॉक्टरही हसले. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. माझ्या बापाला माझी भीती वाटत होती.

पाऊल उचलून धरणारा पट्टा मिळाला, मांडी आणि उकिडवं बसणं बंद झालं. पाय बहुतेक सुधारेल, पण महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले. तोवर वर्षावास संपणार होता. मी म्हटलं, "खुर्चीत बसून वाचा."

"लोक खाली, समोर तथागत, अन् मी खुर्चीत? बिलकुल न्हाई. तू वाच."

मी त्यांच्या जागी मांडी घातली. ते बाहेर ओट्यावर खुर्चीत, पट्ट्याचा पाय पुढे करून ऐकत बसले. परतताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बराबर वाचतेस. मी परत न्हाई बसलो तरी आता काई अडत न्हाई."

खूश होते ते. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.