पंधरावा मॉप

विरार पूर्वेला, खाली मेडिकल स्टोअर आणि वर आमचं हॉस्पिटल. एकच ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. मी तिथे सिस्टर होते, नवीनच पास झालेली, नुसती धावायचे.

ओटीतलं माझं काम बाहेरचं. म्हणजे हात धुऊन टेबलाशी उभी राहायची ती ताई, आमची सीनियर, आणि तिला लागेल ते देणारी मी. चिरा द्यायच्या आधी आम्ही दोघी मोठ्यानं मोजायचो. आर्टरी फोर्सेप्स, कात्र्या, सुया, आणि मॉप, म्हणजे रक्त टिपायच्या, टोकाला नाडी असलेल्या कापडी घड्या. ती एकेक उचलून दाखवणार, मी शीटवर लिहिणार. पोट शिवायच्या आधी परत तेच. आकडा जुळला नाही तर पोट शिवायचं नाही, बस.

त्या दुपारी चंदनसारची एक बाई रिक्षातून आली. नववा महिना, पोट दगडासारखं, साडी रक्तानं भिजलेली. वार गर्भाशयापासून आधीच सुटली होती. आमच्या डॉक्टर मॅडमनी लगेच सिझेरियन घेतलं, भूल पूर्ण दिली. बाळ निघालं ते निळसर, गप्प. लहान मुलांच्या डॉक्टरांनी कोपऱ्यातल्या टेबलावर त्याला पुसलं, श्वासाचा फुगा दाबला, छाती दाबली. खूप वेळ. मग त्यांनी हात काढले आणि घड्याळ बघून वेळ लिहिली. दुसऱ्या सिस्टरनं बाळाला हिरव्या कापडात गुंडाळून बाहेर आजीकडे दिलं.

इकडे आईचं रक्त थांबत नव्हतं. मी मॉपचा आणखी एक गठ्ठा फोडला. पाच-पाचचे तीन गठ्ठे, पंधरा. शेवटी थांबलं एकदाचं! मॅडम म्हणाल्या, "काउंट."

ताई मोजायला लागली. मी बकेटमधले रक्ताळलेले मॉप चिमट्यानं उचलून पाच-पाच मांडले.

चौदा.

"परत मोज," मॅडम म्हणाल्या.

चौदाच! सुया बरोबर, फोर्सेप्स बरोबर, मॉप चौदा.

मॅडमनी पोटात हात घालून सगळीकडे चाचपलं. मी टेबलाखाली रांगले, कचऱ्याची बादली उपडी केली, सगळ्यांना चपला उचलायला लावल्या.

"प्रेशर सत्तर," भूलवाले सर म्हणाले. "मॅडम, आवरा. बंद करा, उद्या एक्स-रे काढू."

"एक्स-रेत काय दिसणार सर?" ताई म्हणाली. "आपले मॉप इथल्या आयामावशी शिवतात. नुसतं कापड ते."

खरंच होतं. विकतच्या मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारी पट्टी असते, आमच्यात नव्हती. आत राहिला असता तर तो तिथेच कुजला असता आणि बाई गेली असती.

मॅडमनी परत हात घातला. सर मॉनिटरकडे बघत होते. आणि ताई एकदम थांबली.

"बाळ कशानं पुसलं?"

तिनं कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलाकडे बघितलं.

"टॉवेल भिजला होता. डॉक्टरांनी काहीतरी द्या म्हटलं, मी ट्रॉलीवरचा मॉप त्यांच्याकडे फेकला. अगं, पळ!"

मी पळाले.

बाहेर बाकावर आजी बसली होती. मांडीवर हिरवं गाठोडं. बाळाचा बाप घरी न्यायला टेम्पो बघायला खाली गेलेला.

"आजी, जरा बघू दे," मी म्हटलं आणि कापडाचं टोक धरलं.

तिनं माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट! तिचा चेहराच बदलला.

"बाळ हललं का गं? तुला आतून कळलं का काही?"

मी नुसती मान हलवली. नाही. तरी ती बघत राहिली, मी कापड सोडवत असताना, अगदी शेवटपर्यंत.

पाठीखाली होता. चिकटलेला, घडी तशीच, टोकाला नाडी. मी तो हळूच ओढला. बाळाचं डोकं कलंडलं, आजीनं ते तळहातावर झेललं.

"पंधरा!" मी दारातूनच ओरडले. ताईनं मॉप उघडून बघितला, सगळे पुन्हा मोजले, मी शीटवर लिहिलं. मॅडम शिवायला लागल्या. मधेच सर म्हणाले, "प्रेशर चढतंय."

पेशंट स्थिर झाल्यावर मी परत बाहेर गेले. आजीनं बाळाला स्वतःच गुंडाळलं होतं, आता तिच्या शालीत. मी समोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. तो कपडा सुनेच्या पोटात राहिला असं वाटत होतं, म्हणून उघडलं. तुम्हाला उगाच आशा लावायची नव्हती, आजी.

तिनं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे ती वाचली?"

"हो."

"बरं." तिनं शालीची कड नीट केली. "मग शुद्धीवर आली की पहिलं बाळाचंच विचारेल. तिला काय सांगू, ते पण सांगून जा."

आत सिस्टर हाका मारत होती, पेशंटला खोलीत न्यायचं होतं. मी तिथेच बसून राहिले. मग दार उघडलं, स्ट्रेचर बाहेर आला, आणि आजी बाळाला घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.