शेजारणीचा लॅपटॉप

आमच्या हळर्णे गावात कोणी परदेशी जायला निघालं की त्याची बॅग त्याची उरत नाही. मी लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाले, तेव्हा आठ दिवस दारात चपलांचा ढीग होता. कोणी कोकमाची सोलं आणून दिली, कोणी हळद, कोणी आपल्या भाच्यासाठी पापड. नाही म्हणायची आमच्याकडे पद्धतच नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही, पण कळतं ते वळतं थोडंच.

शेवटच्या दिवशी समोरच्या घरची शेजारीण आली. हातात जुन्या नऊवारीत गुंडाळलेला लॅपटॉप, वर पापडांची पुडी. गेल्या सुट्टीत तिचा मुलगा तो इथेच विसरून गेला होता.

"तू जातंसच, मगे ह्यो माझ्या झिलाक नेऊन दी. लेकीच्याच गावात रवता तो. इतक्याशा वजनान काय जाता?"

मी घेतला. नवरा गेला तेव्हा महिनाभर माझ्या घरी भाजी-भाकरी पोचवणारी बाई ती. तिला नाही कसं म्हणणार?

लेक मात्र फोनवर रोज धडे देत होती. पस्तीस वर्षं मराठी शाळेत मुलांना धडे दिलेली बाई मी, आणि मला ही शिकवणार! "आई, खरां तां सांग. कळला नाय तर कळला नाय म्हण. दुभाषी मागलंस तर देतत. समजल्याबगर खंयच सही करू नको. आणि दुसऱ्याची वस्तू घेव नको." निघायच्या रात्री शेवटच्या वाक्याला मी "व्हय व्हय" म्हटलं. लॅपटॉप तेव्हा माझ्या मांडीशेजारीच होता.

दुपारी विमान उतरलं. रांगेतून खिडकीपाशी गेले. आतला अधिकारी तरुण होता, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. का आलात, किती दिवस राहणार, कुणाकडे, परतीचं तिकीट आहे का, सगळं विचारलं. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं बरोबर सांगितलं. खायचं काय आणलंय तेही सांगितलं, डिंकाच्या लाडवांसकट. मग त्याने विचारलं, बॅगा तुम्हीच भरल्या का, कोणी काही द्यायला दिलंय का?

"नाही," मी म्हटलं. "सगळं माझंच आहे."

खोटं बोलावं असं काही मनात नव्हतं. शेजारणीचं ते माझंच, एवढाच आमचा हिशेब. पण तोंडातून शब्द गेला तो गेला. त्याने माझ्या हातातली पिशवी उघडायला सांगितली. नऊवारीतून लॅपटॉप निघाला.

"हा तुमचा?"

"हो."

"सुरू करून दाखवा."

सुरू झाला, आणि पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट आली. मला पासवर्ड कुठला माहीत! माझी पाचावर धारण बसली. अधिकारी शांतपणे माझा पासपोर्ट घेऊन उठला आणि मला आतल्या खोलीत बसवलं. तिथे फोन वापरायची मनाई, भिंतीवर मोठी पाटी होती. बाहेर माझी लेक, दिवस भरत आलेली, वाट बघत उभी असणार, आणि तिला कळवायची सोय नाही. आजूबाजूला दहा-बारा माणसं खुर्च्यांवर गप्प बसली होती. सगळ्यांचे चेहरे परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे.

मी स्वतःवर भयंकर चिडले. शाळेत एखादं पोर खोटं बोललं की मी त्याला सांगायची, "चूक झाली ना? मग आत्ताच सांग, उद्यापर्यंत ती मोठी होईल." आता ते मलाच करायचं होतं. मला परत पाठवलं असतं तर लेकीच्या बाळंतपणात तिच्या माहेरचं एक माणूस नसतं. त्या एका "हो"पायी.

दुसरी अधिकारी आली. बाई, वयाने मोठी. ती काही विचारायच्या आत मी म्हटलं, "मला दुभाषी हवा. आणि मी मघाशी चुकीचं सांगितलं, ते दुरुस्त करायचंय."

तिने एका यंत्रावर कोणाला तरी फोन लावला. पलीकडून शुद्ध पुणेरी मराठीत एक बाई बोलल्या. इतक्या लांब मराठी ऐकून मला रडूच आलं, आणि घाबरून मी सरळ घरच्या बोलीत सुरू केलं, "ह्यो लॅपटॉप माझो न्हय, शेजारणीच्या झिलाचो..."

"ताई, जरा सावकाश सांगता का? प्रमाण मराठीत?"

शिक्षिकेला प्रमाण मराठी बोला म्हणणारी पहिलीच बाई मला भेटली. मी डोळे पुसले आणि सावकाश सगळं सांगितलं. मघाशी नाही का म्हटलं, तेही.

मग त्या अधिकारीबाईने माझा फोन मागितला. एक छापील कागद दिला, दुभाषीबाईंनी तो वाचून दाखवला. फोन तपासायचा त्यांना अधिकार आहे. मी पासवर्ड द्यायला नकार देऊ शकते, पण परदेशी पाहुणीला मग आत घेतीलच असं नाही, आणि फोनही ठेवून घेऊ शकतील. मला काही लपवायचं नव्हतं. मी पासवर्ड दिला. तिने आधी फोनचं नेटवर्क बंद केलं आणि मगच तो चाळू लागली. माझ्या व्हॉट्सॲप गटातल्या सुप्रभातच्या फुलांवरून तिचं बोट किती वेळ फिरत होतं देव जाणे!

शेवटी सापडला शेजारणीचा आवाजी निरोप. तिने तो दुभाषीबाईंना ऐकवला. "ह्यो माझ्या झिलाकच दी हा, वाटेत खंय ठेवू नको. आणि पापड मोडू नको." दुभाषीबाई हसल्या की काय कोण जाणे. मग इंग्रजीत सगळं सांगितलं.

माझा जबाब टाइप झाला. सही करा म्हटल्यावर मी चष्मा लावला आणि दुभाषीबाईंना शेवटपर्यंत वाचायला लावलं. एका जागी "बहिणीचा लॅपटॉप" लिहिलं होतं. "बहीण नाही, शेजारीण," मी म्हटलं. अधिकारीबाईने भुवई वर केली. पण दुरुस्त केलं, आणि मी पानापानावर सही केली. वह्या लाल शाईने तपासायची सवय शेवटी कामाला आली.

लॅपटॉप त्यांनी ठेवून घेतला, त्याची पावती दिली. पुढे तीन आठवड्यांनी शेजारणीच्या मुलाला तो जसाच्या तसा परत मिळाला. माझ्या पासपोर्टवर शिक्का बसला तेव्हा जीव भांड्यात पडला. "पुढच्या वेळी दुसऱ्याचं सामान आणू नका," अधिकारीबाई म्हणाली. मी "व्हय व्हय" म्हटलं नाही. "नाही आणणार," असं म्हटलं.

बाहेर लेक बाकावर बसून होती, दोन्ही हात पोटावर. तीन तास! मला बघून उठायला गेली तर मीच धावले. ती ओरडायच्या आत मी सांगून टाकलं, "शेजारणीचो लॅपटॉप घेतलंय, खोटां बोललंय, मगे खरां सांगितलंय." ती मला घट्ट धरून रडली. मीही.

चौथ्या दिवशी पहाटे तिला मुलगी झाली. परिचारिकेने कपड्यात गुंडाळलेलं ते गाठोडं हातात देताना माझ्याकडे बघून हसत विचारलं, ही कोणाची?

"माझी," मी म्हटलं. या वेळी उत्तर दुरुस्त करायची वेळ आली नाही.